फ्रिज दिवसाला खरंच किती युनिट खातो? प्लग मीटर लावून चोवीस तास कसं मोजायचं

आमचा फ्रिज दोन दारांचा, साधारण अडीचशे लिटरचा, फ्रॉस्ट फ्री, इन्व्हर्टर कंप्रेसर नसलेला, दहा वर्षं जुना. स्टिकरवर वर्षाला 307 युनिट लिहिलंय म्हणजे दिवसाला 0.84 युनिट. एप्रिलमध्ये पुण्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात मोजला तर निघाला 1.46. हा आकडा कसा काढला, त्यावर किती विश्वास ठेवायचा आणि मोजताना कुठे फसायला होतं ते सगळं इथे लिहितोय, कारण मीटर लावून आकडा वाचणं सोपंय पण तो आकडा बरोबर आहे का हे कळायला फ्रिज दिवसभर नेमकं काय करतो ते माहीत असावं लागतं.

मीटर घेताना काय बघायचं

भिंतीतलं सॉकेट आणि फ्रिजचा प्लग यांच्या मध्ये बसतो तो मीटर लागेल. डिस्प्लेवर W, kWh, V, A आणि PF एवढं दिसलं पाहिजे, रुपये वगैरे नाही दाखवले तरी चालतं. दोन गोष्टी मात्र घेण्याआधी नक्की तपासा. एक म्हणजे kWh दशांशानंतर तीन आकडे दाखवतो का, कारण दोनच आकडे असतील तर पूर्ण दिवसाचं गणित जमतं पण दुपारी किती, रात्री किती हे नीट कळत नाही. दुसरं म्हणजे लाइट गेल्यावर आकडा टिकतो का. माझा पहिला प्रयत्न इथेच वाया गेला, सतरा तास झाले होते आणि संध्याकाळी पाच मिनिटं लाइट गेली, परत आली तेव्हा डिस्प्लेवर 0.000. त्या मीटरच्या आत मेमरीसाठी छोटा बटन सेल होता आणि तो मेलेला होता. त्यामुळे आधी मोबाइलचा चार्जर किंवा पंखा लावून थोडे युनिट होऊ द्या, मग मीटर सॉकेटमधून काढून दहा मिनिटांनी परत लावा, आकडा जागेवर असेल तरच फ्रिजला लावा.

प्लग जाड पिनांचा असेल तर 16 अँपिअरचाच मीटर घ्या. मध्ये दोन पिनांचा कन्व्हर्टर अजिबात लावू नका, त्यात अर्थिंग तुटतं आणि फ्रिजची बॉडी लोखंडी असते, ओल्या हाताने आपण दार उघडतो. एक्स्टेंशन बोर्डवर पण नको. मीटर सॉकेटमध्ये घट्ट बसला पाहिजे, लोंबकळत असेल तर पिना आत नीट टेकत नाहीत आणि तापतात. लावल्यावर अर्ध्या तासाने हात लावून बघा, कोमट चालेल, चटका बसत असेल तर लगेच बंद करा आणि आधी सॉकेट बदलून घ्या.

मीटर बरोबर आहे का, हे फ्रिजवरच तपासा

घराबाहेरच्या वीज मीटरवर एक लाल लाइट लुकलुकतो ना, तो वापरायचा. मीटरच्या पाटीवर imp/kWh असा आकडा असतो, आमच्याकडे 3200 आहे म्हणजे 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद करा, सगळं म्हणजे वायफाय राउटर, सेट टॉप बॉक्स, आणि बॅटरीवाला इन्व्हर्टर असेल तर तो पण, कारण तो गुपचूप चार्ज होत असतो. फक्त फ्रिज चालू ठेवा आणि कंप्रेसर चालू असताना मोबाइलच्या स्टॉपवॉचवर दहा लुकलुकींना किती सेकंद लागतात ते मोजा. पहिली लुकलुक शून्य धरायची, मग एक, दोन असं दहापर्यंत, इथे एकाने चुकलं तर दहा टक्क्यांचा फरक पडतो.

```
W = 36000000 / (imp × सेकंद)
36000000 / (3200 × 96) = 117
```

मला 96 सेकंद लागले, म्हणजे 117 वॅट, आणि त्याच वेळी भाऊ आत प्लग मीटरवर 118 वाचत होता. एवढं जुळलं तर बास. क्लॅम्प मीटरने अँपिअर मोजून त्याला 230 ने गुणायचं, असं काही जण करतात, ते फ्रिजला चालत नाही. कंप्रेसरची मोटर जेवढा करंट ओढते त्यातला काही भाग युनिटमध्ये येतच नाही, PF म्हणून जो आकडा दिसतो तो हेच सांगतो. आमचा कंप्रेसर चालू असताना PF 0.7 च्या आसपास असतो, म्हणजे नुसत्या गुणाकाराने जे येईल त्याच्या सत्तर टक्केच खरी वीज, आणि घरगुती बिल लागतं ते त्या खऱ्या विजेचंच.

मीटर लावायची पद्धत

फ्रिज बंद करून प्लग काढला की लगेच परत चालू करू नका, निदान पाच मिनिटं थांबा. कंप्रेसर थांबल्यावर आतल्या गॅसचा दाब दोन्ही बाजूंना सारखा व्हायला वेळ लागतो, त्याआधी चालू केला तर मोटर जोर लावते, फिरत नाही, आणि मागून टक् असा आवाज येऊन ओव्हरलोड नावाचा सुरक्षेचा स्विच तिला बंद करतो. म्हणून आधी मीटर, वायर, सगळं तयार ठेवा आणि एकदाच काय ते करा.

स्टॅबिलायझर असेल तर क्रम असा: भिंत, मग मीटर, मग स्टॅबिलायझर, मग फ्रिज. स्टॅबिलायझर स्वतः पण वीज खातो आणि ती पण बिलात येते, त्यामुळे तो मीटरच्या पुढे हवा. नुसता स्टॅबिलायझर किती खातो ते बघायला फ्रिजचा प्लग त्याच्यातून काढा आणि W वाचा, आमचा 6 वॅट दाखवतो. हा आकडा लिहून ठेवा, पुढे कामाला येतो.

लावल्यावर लगेच मोजायला सुरुवात करायची नाही. फ्रिज थोडा वेळ बंद होता, कदाचित ओढून पुढे घेतला होता, त्यामुळे पहिले काही तास तो हरवलेली थंडी भरून काढत असतो. मी आदल्या दिवशी संध्याकाळी लावून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून धरलं. मीटर शून्यावर आणायच्या भानगडीत पण पडू नका, बटन किती वेळ दाबायचं हे प्रत्येक मीटरचं वेगळं असतं. सुरुवातीचा आकडा मोबाइलने फोटो काढून ठेवा, फोटोत वेळ पण येते, शेवटी वजाबाकी करायची.

सुरुवात कधी करायची, शेवट कधी करायचा

साधा कंप्रेसर सतत चालत नाही, थोडा वेळ चालतो, थोडा वेळ थांबतो. आमच्याकडे रात्री पंधरा मिनिटं चालू आणि अठ्ठावीस मिनिटं बंद असं चालतं, दुपारी चालू वेळ वाढते. समजा तुम्ही कंप्रेसर नुकताच थांबल्यावर सुरुवात केली आणि दुसऱ्या दिवशी तो नुकताच चालू होणार तेव्हा थांबलात, तर एक फेरी कमी मोजली जाते. उलट सुरुवात चालू व्हायच्या क्षणी आणि शेवट थांबायच्या क्षणी केलात तर एक फेरी जास्तीची मोजली जाते, ती आमच्या फ्रिजची साधारण 0.03 युनिट. दिवसाच्या 1.46 मध्ये ही दोन टक्के चूक झाली, म्हणजे फार मोठी नाही पण फुकट टाळता येते. उपाय हा की कंप्रेसर थांबला की सुरुवातीचा फोटो आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेच्या आसपास परत थांबला की शेवटचा फोटो. बरोबर चोवीस तास होणारच नाहीत, नाही झाले तरी चालेल, तासांनी भागून चोवीसने गुणायचं.

थांबला हे कळायला कान लावायची गरज नाही, डिस्प्लेवर W बघा. आमचा चालू असताना 118 च्या आसपास, थांबला की एकदम 7, त्यातले 6 स्टॅबिलायझरचे.

मोजायच्या दिवशी घरात कसं वागायचं, तर नेहमीसारखं. आई मला म्हणाली, "मग आज फ्रिज कमी उघडायचा का?" मी म्हटलं नको, तू रोज जे करतेस तेच कर, दूध तापवून गार झाल्यावर आत ठेवतेस तसंच ठेव, भाजी आणलीस की भर. खरा वापर मोजायचाय. फक्त पाहुणे आलेत, बर्फाचे ट्रे परत परत भरलेत, असा दिवस धरू नका. स्वयंपाकघरात एक साधा थर्मामीटर ठेवून सकाळी, दुपारी, रात्री तापमान लिहा, पुढच्या वेळी तुलना करायला ते लागतंच.

आमचा शनिवार, आकड्यांसकट

सकाळी 6:52 ला कंप्रेसर थांबला, मीटरवर 3.418. दुपारी 1:05 ला 3.803. संध्याकाळी 7:02 ला 4.283. रात्री 11:10 ला 4.526. रविवारी सकाळी 7:09 ला परत कंप्रेसर थांबला तेव्हा 4.896.

```
4.896 - 3.418 = 1.478 kWh
24 तास 17 मिनिटं = 24.28 तास
1.478 / 24.28 × 24 = 1.46 kWh
```

मधले आकडे घ्यायची तशी गरज नव्हती पण ते घेतले म्हणूनच कळलं की तासभर मोजून चोवीसने गुणणं किती चुकीचं आहे. रात्री अकरा ते सकाळी सात या वेळेत 0.370 युनिट गेले, तोच वेग दिवसभर धरला असता तर 1.11 आले असते. आणि दुपारी एक ते संध्याकाळी सात या वेळेत 0.480 गेले, तो वेग धरला असता तर 1.94. एकच फ्रिज, एकच दिवस, आणि उत्तर जवळजवळ दुप्पट. रात्री दार कोणी उघडत नाही आणि खोली पण थंड असते, दुपारी 34 डिग्री होतं, पण फक्त तेवढंच कारण नाही, दुपारी आणखी एक गोष्ट झाली.

PF 1.00 दिसला तर काय समजायचं

साडेचारच्या सुमाराला मी सहज बघितलं तर W वर 165 होतं आणि कंप्रेसरचा आवाज नाही. PF जो एरवी 0.7 असतो तो 1.00. मोटर चालू असेल तर PF एक येत नाही, एक येतो तो नुसत्या हीटरला, इस्त्रीला, गिझरला. म्हणजे हा फ्रिजमधला डीफ्रॉस्टचा हीटर होता. फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये मागच्या पडद्याआड थंड कॉइल असते, तिच्यावर बर्फ धरतो, तो वितळवायला आतच हीटर बसवलेला असतो आणि तो आपोआप चालू होतो. आमचा वीस मिनिटं चालला, म्हणजे 0.055 युनिट, आणि त्यानंतर हीटरने आत जी ऊब केली ती काढायला कंप्रेसर नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ सलग चालला, ते धरून एका डीफ्रॉस्टचा खर्च साधारण 0.1 युनिट होतो.

आता यातली मेख बघा. जुन्या फ्रिजमध्ये हा हीटर घड्याळाच्या वेळेवर चालत नाही, कंप्रेसर एकूण किती तास चालला त्यावर चालतो. आमच्याकडे दोन डीफ्रॉस्टच्या मध्ये साधारण अठरा तास जातात, म्हणजे कुठल्याही चोवीस तासांत कधी एक सापडतो, कधी दोन. एक सापडला का दोन यावर दिवसाचा आकडा 0.1 ने इकडेतिकडे होतो, म्हणजे सात टक्के, आणि यात तुमच्या मोजण्याची काहीच चूक नसते. म्हणून फ्रॉस्ट फ्री फ्रिज असेल तर एक दिवस मोजून आकडा कळतो पण दोन आकड्यांची तुलना करायची असेल तर सलग तीन दिवस मीटर तसाच ठेवा, रोज सकाळी एक फोटो काढला की झालं. आमचे तीन दिवस आले 1.46, 1.39 आणि 1.52, सरासरी 1.46, तिसऱ्या दिवशी दोन डीफ्रॉस्ट सापडले होते.

एका दाराचा साधा फ्रिज असेल, ज्यात बर्फ आपण बटन दाबून काढतो, तर हीटरचा हा प्रकार नसतो आणि एका दिवसाचा आकडा पुरतो, फक्त फ्रीझरमध्ये बोटभर बर्फ साचलेला असताना मोजू नका, आधी तो काढा. आणि इन्व्हर्टर कंप्रेसरवाला असेल तर त्याचा W सतत बदलत असतो, कधी 30, कधी 70, बराच वेळ थांबतच नाही, त्यामुळे थांबायच्या क्षणी फोटो वगैरे विसरा, घड्याळ लावून बरोबर चोवीस तासांनी kWh वाचा. तिथे W च्या एखाद्या क्षणाच्या आकड्यावरून काहीही ठरवू नका.

लाइट गेली तर

पाच-दहा मिनिटं गेली आणि आकडा टिकला तर सोडून द्या, तेवढ्याने फार फरक पडत नाही. अर्ध्या तासाच्या वर गेली तर तो दिवस धरू नका, कारण बंद असताना मोजलं काहीच जात नाही आणि नंतर तो जास्त चालून भरपाई करतो, ती भरपाई तुमच्या चोवीस तासांत पूर्ण आली का अर्धी राहिली हे कळत नाही. काही मीटरवर चालू तासांचं घड्याळ असतं, तेही लाइट नसताना थांबतं, म्हणून भागाकाराला फोटोतली वेळच घ्या.

बिलात किती रुपये

1.46 गुणिले 30, साधारण 44 युनिट महिन्याला. पण रुपये काढताना बिलाची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट असं करू नका. महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांनी लागतं, 1 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यावर. फ्रिज नसता तर सगळ्यात वरचे 44 युनिट कमी झाले असते. घराचा वापर 180 असेल तर हे 44 सगळे 101 ते 300 च्या दराने मोजा. वापर 120 असेल तर 20 वरच्या दराने आणि 24 खालच्या. आपल्या बिलावर त्या टप्प्याचा दर बघा, त्यात युनिटमागचा वहन आकार आणि इंधन समायोजन आकार मिळवा, आणि शेवटी 16 टक्के वीज शुल्क. स्थिर आकार धरायचा नाही, तो फ्रिज असो नसो येतोच. समजा तुमच्या बिलावर हे मिळून युनिटला 12 रुपये आले, तर 44 युनिटचे 528 आणि शुल्क धरून साधारण 612 रुपये.

मोजून केलेली एक सुधारणा

आमचा फ्रिज भिंतीला जवळजवळ चिकटून होता, मागे बोट जेमतेम जायचं. मागची गरम हवा वर निघायलाच जागा नाही. तो पुढे ओढून हाताचा पंजा जाईल एवढी जागा केली, मागची धूळ ब्रशने काढली, एक दिवस जाऊ दिला आणि परत तीन दिवस मोजलं. 1.31, 1.27, 1.36, सरासरी 1.31. स्वयंपाकघराचं तापमान आधीच्या तीन दिवसांएवढंच होतं, ते लिहून ठेवलं होतं म्हणून हे सांगता येतंय. फरक 0.15 च्या आसपास, महिन्याला चार-साडेचार युनिट. एकेकच दिवस मोजला असता आणि आधीचा 1.39 वाला, नंतरचा 1.36 वाला सापडला असता तर मी म्हटलं असतं काही फायदा झाला नाही.

वर्षाचा आकडा

एप्रिलचा आकडा 365 ने गुणू नका. मी नंतर ऑगस्टमध्ये आणि जानेवारीत परत तीन-तीन दिवस मोजलं, 1.15 आणि 0.96 आलं. चार-चार महिन्यांचे तीन भाग धरले तर:

```
मार्च-जून       122 × 1.31 = 160
जुलै-ऑक्टोबर    123 × 1.15 = 141
नोव्हेंबर-फेब्रु.  120 × 0.96 = 115
एकूण             416 kWh
```

स्टिकरवर 307 आणि आमचे 416, फरक 109 युनिटचा. स्टिकरचा आकडा नवीन फ्रिजचा, प्रयोगशाळेत, ठरलेल्या तापमानाला काढलेला असतो, आमचा दहा वर्षं जुना आणि दिवसातून पन्नास वेळा दार उघडलं जाणारा. पण हे सगळं फ्रिजच्या वयावर ढकलण्याआधी तो सुरुवातीला लिहून ठेवलेला आकडा घ्या: स्टॅबिलायझर 6 वॅट, चोवीस तास, 365 दिवस, म्हणजे 53 युनिट. फरकातला जवळजवळ अर्धा भाग फ्रिजचा नव्हताच. आता पुढचं मोजमाप व्होल्टेजचं आहे, त्याच मीटरवर V बघून, महिनाभर वेगवेगळ्या वेळी लिहून ठेवतोय, आणि तो फ्रिजच्या पुस्तकात दिलेल्या मर्यादेतच राहतो असं दिसलं तर स्टॅबिलायझर काढणार.